पोस्टमन कुठे थांबतो ते आधी बघा: परदेशातल्या घराचा फोटो ओळखण्याची रीत

दाभोळ खाडीच्या दोन्ही अंगाला जहाजावर नोकरी केलेला माणूस नाही असं घर विरळाच. त्यामुळे आमच्याकडे जुन्या ट्रंकांमधून परदेशातले फोटो निघतात. एखादा काका किंवा आजोबा कुठल्यातरी बंगल्यापुढे उभा असतो, मागे गवत, बाजूला गाडी, आणि घरातले लोक वर्षानुवर्षं सांगत असतात, "हा अमेरिकेतला." फोटोच्या मागे गावाचं नाव नसतं. ज्याला विचारायचं तो माणूस राहिलेला नसतो.

शेजारच्या काकूंनी गेल्या पावसाळ्यात असाच एक फोटो माझ्यापुढे ठेवला. त्यांचे मोठे दीर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात एका बैठ्या विटांच्या घरासमोर उभे. मागे त्यांच्याच अक्षरात फक्त "डिसेंबर १९८३". रंग उडून सगळा फोटो तांबूस झालेला. "अमेरिकाच असणार रे," काकू म्हणाल्या, "एवढं अंगण मोकळं सोडायला जागा आणखी कुणाकडे आहे?" हा फोटो मी शेवटी पूर्ण सोडवून दाखवतो. पण त्याआधी रीत समजून घेऊ, कारण घरं नुसती दिसायला वेगळी नसतात, त्या वेगळेपणाला कारणं असतात. कारण कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

इथे मी पाचच देश घेतो: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन. आपल्याकडच्या फोटोंत घोटाळा होतो तो बहुतेक यांच्यातच, कारण पाट्या सगळीकडे इंग्रजीच.

पहिली पायरी: टपालपेटी शोधा, आणि ती नेमकी कुठे आहे ते बघा

आकाराकडे नंतर बघू. आधी जागा. टपालपेटी उभी असते तिथपर्यंत पोस्टमन येतो, आणि तो कसा येतो हे प्रत्येक देशात वेगळं आहे.

अमेरिकेच्या उपनगरात पोस्टमन गाडीतून उतरत नाही. टपालखात्याच्या गाड्यांचं स्टिअरिंग मुद्दाम उजवीकडे असतं, म्हणजे उजव्या बाजूने जाताना त्याचा हात थेट पेटीपर्यंत पोचतो. म्हणून पेटी रस्त्याच्या अगदी काठावर, खांबावर असते. तिची उंचीही ठरलेली आहे: रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच, आणि कडेपासून ६ ते ८ इंच आत. आपल्याकडच्या पावाच्या लादीसारखी, वरून गोल आणि खाली सपाट, दार रस्त्याकडे. बाजूला एक छोटं, बहुधा लाल, निशाण असतं. घरमालकाला पत्र पाठवायचं असेल तर तो पत्र पेटीत ठेवून निशाण उभं करतो आणि पोस्टमन ते घेऊन जातो. जिथे पोस्टमन घरून टपाल नेत नाही तिथे निशाणाला काही काम नाही, म्हणून निशाण दिसलं की बाकीचे बरेच देश गळतात. गळत नाहीत ते कॅनडा आणि न्यूझीलंडचे ग्रामीण भाग; तिथेही निशाणवाल्या पेट्या आहेत.

कॅनडाच्या शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये मात्र घरापुढे पेटीच नसते. १९८०च्या दशकापासून तिथे नव्या वस्तीला एकत्रित पेट्या देतात. कोपऱ्यावर धातूचं कपाट, त्याला बँकेच्या लॉकरसारखी ओळीने छोटी दारं, प्रत्येकाची किल्ली वेगळी. रस्ता अमेरिकेसारखा, घरं अमेरिकेसारखी, पण एकाही घरापुढे खांब नाही, असं दिसलं तर कॅनडाचा संशय घ्या. संशयच, कारण अमेरिकेतल्या नव्या वसाहतींतही अशी कपाटं आता खूप आहेत, आणि दोन्ही देशांच्या जुन्या शहरी गल्ल्यांत पेटी दाराशेजारच्या भिंतीला टांगलेली असते.

ऑस्ट्रेलियात पोस्टमन फुटपाथवरून छोट्या मोटारसायकलवर किंवा तीनचाकीवर येतो. तो हात लांबवतो तो आवाराच्या हद्दीवर. म्हणून पेटी रस्त्याच्या काठावर नसून फुटपाथच्या आतल्या बाजूला, जिथे आपल्याकडे गडगा आणि बेडं असतं, तिथे असते. पुष्कळदा ती विटांच्या छोट्या खांबात बसवलेली असते. समोर आडवी फट, खाली घराचा नंबर, वर्तमानपत्रासाठी बाजूला एक नळी, आणि पत्र काढायचं दार मागच्या बाजूला, आवारातून. न्यूझीलंडचंही तसंच, फक्त पेटी बहुधा लाकडी कुंपणावर किंवा साध्या दांड्यावर बसवलेली असते.

ब्रिटनमध्ये पेटी शोधत बसू नका. पोस्टमन चालत दारापर्यंत येतो आणि दारातल्याच आडव्या फटीतून पत्र आत टाकतो. फोटोत दाराच्या मधोमध किंवा खालच्या भागात पितळी किंवा पांढरी पट्टी दिसते, ती हीच. आयर्लंडमध्येही असंच आहे, त्यामुळे फटीवरून या दोघांमधला फरक लागत नाही. मागून दिसणाऱ्या गाडीची नंबरपाटी पिवळी असेल तर ब्रिटन, पांढरी असेल तर आयर्लंड, हे तिथे जास्त उपयोगी पडतं.

एक मोठा खड्डा इथे आहे आणि मी त्यात पडलो होतो. विटांच्या खांबातली पेटी टेक्सासमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातही सर्रास दिसते. विटांचा खांब दिसला म्हणजे ऑस्ट्रेलिया, असं पाठ केलं की चूक होणारच. दोन खुणा बघा. टेक्सासचा खांब एकटा रस्त्याच्या काठावर उभा असतो आणि त्यात पत्र्याची नेहमीची अमेरिकन पेटी, दारासकट, चिणलेली असते. ऑस्ट्रेलियातला खांब हद्दीवर असतो, बहुतेक वेळा बुटक्या भिंतीला जोडून, आणि त्याला समोर दार नसून फट असते.

दुसरी पायरी: घर आणि रस्ता यांच्यामध्ये काय आहे

आपल्याला गडग्याशिवाय घर सुचत नाही. अमेरिकेत पुढच्या बाजूला गडगा नाही, कुंपण नाही, एका घराची हिरवळ सरळ शेजाऱ्याच्या हिरवळीत मिसळते. सहा घरांची अंगणं मिळून एकच मैदान वाटावं असा तो देखावा असतो. कुंपण असलं तर मागच्या अंगणाला, उंच फळ्यांचं. ब्रिटनमध्ये उलट: पुढची जागा चिमूटभर, पण तिला कंबरेइतकी विटांची भिंत किंवा कापलेली हिरवी मेंदीसारखी झाडं. आत गवत असेलच असं नाही, कारण गाडी उभी करायला अनेकांनी तिथे फरशी घातलेली असते.

ऑस्ट्रेलियाच्या जुन्या उपनगरात गुडघ्याएवढी विटांची भिंत दिसते, नव्यांत तीही नसते. तिथे बाजूच्या कुंपणाकडे बघावं. घडीच्या रंगीत पत्र्याचं, क्रीम किंवा करड्या रंगाचं, सहाएक फूट उंच कुंपण दोन घरांमध्ये सरळ मागे गेलेलं असेल तर ते ऑस्ट्रेलियाकडे जोराने बोट दाखवतं. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची पट्टी असते, तिला तिथे 'नेचर स्ट्रिप' म्हणतात आणि न्यूझीलंडमध्ये 'बर्म'. पण पट्टी अमेरिकेतही असते, म्हणून तिच्या असण्यावर काही ठरवू नका.

ठरवायचं ते गवताच्या रंगावर, आणि तेही महिना माहीत असेल तरच. डिसेंबर-जानेवारीत ॲडलेड किंवा पर्थला कडक उन्हाळा असतो. पाणी न घातलेलं गवत तिथे आपल्या एप्रिलमधल्या कातळासारखं पिवळं पडतं. त्याच महिन्यात न्यूझीलंडची हिरवळ बहुधा हिरवी असते. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बर्म्युडा गवत थंडीत झोपतं आणि तेही पिवळं दिसतं, म्हणजे एकट्या पिवळ्या गवताने टेक्सास आणि ॲडलेड वेगळे होत नाहीत.

तिसरी पायरी: गाडी कुठे ठेवतात

अमेरिकन घराचं तोंड म्हणजे गॅरेज. दोन गाड्या शेजारी शेजारी जातील असं सुमारे १६ फूट रुंद एकच दार, आडव्या-उभ्या चौकटी पाडलेलं, आणि त्यापुढे तेवढाच रुंद काँक्रीटचा उतार. वर बास्केटबॉलची रिंग असली तर आणखी बरं. कॅनडातलं गॅरेज तसंच, पण बारकाईने बघितलं तर घराचं दार चार-पाच पायऱ्या चढून असतं आणि जमिनीलगत तळघराच्या बुटक्या खिडक्या डोकावतात. तिथे थंडीत जमीन खोलवर गोठते, पाया त्याखाली न्यावाच लागतो, आणि एवढं खणलं तर तळघर करून टाकतात. अमेरिकेच्या उत्तरेकडेही हेच, दक्षिणेकडे मात्र तळघर क्वचित. म्हणजे ही खूण थंडीची आहे, देशाची नव्हे.

ब्रिटिश गॅरेज एका गाडीपुरतं, सात फुटांच्या आसपास रुंद, आणि आजच्या गाड्या त्यात धड मावत नाहीत. म्हणून गाडी बाहेर आणि अडगळ आत. ऑस्ट्रेलियात दोन गोष्टी बघा: एक म्हणजे आपल्या दुकानाच्या शटरसारखं गुंडाळून वर जाणारं दार, आणि दुसरी म्हणजे भिंती नसलेली, नुसत्या खांबांवरची पत्र्याची पडवी, जिच्याखाली गाडी उभी असते. तिथे ना बर्फ, ना कडाक्याची थंडी. उन्हापासून आडोसा झाला की पुरतं. न्यूझीलंडच्या जुन्या घरात वाट घराच्या कुशीने मागे जाते आणि गॅरेज मागच्या बाजूला सुटं असतं.

चौथी पायरी: छप्पर

हे आपल्या माणसांना सगळ्यात लवकर जमतं. कौल आणि पत्रा यातला फरक कोकणात कुणाला शिकवावा लागत नाही.

अमेरिका आणि कॅनडामध्ये बहुतेक घरांवर डांबरी तुकड्यांचं पातळ छप्पर असतं. लांबून ते सँडपेपर चिकटवल्यासारखं, सपाट आणि करडं दिसतं, त्याला कौलाची लाट नसते. अपवाद कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडाचा. तिथे प्लास्टर केलेल्या भिंतींवर आपल्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल लाल कौलं दिसतात. न्यूझीलंडमध्ये आडव्या लाकडी फळ्यांच्या भिंती आणि वर पन्हळी पत्रा ही जोडी पक्की. फळ्यांच्या भिंती अमेरिकेतही असतात, त्यामुळे भिंत बघून थांबू नका, नजर वर न्या. ब्रिटनमध्ये कौलं किंवा पाटीचा दगड, आणि आढ्यावर धुराडं, त्याच्यावर मातीच्या कुंड्यांसारखी नळकांडी. एका धुराड्याच्या दोन बाजूंना आरशातल्यासारखी दोन घरं चिकटलेली असली तर ते ब्रिटिश जोडघर.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिथल्या जुन्या घरांवर चौपाखी छप्पर आणि त्यावर 'मार्सेय' पद्धतीची लाल कौलं असतात, एकमेकांत खाचेने अडकणारी. मंगलोरी कौल याच कुळातलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला आणि ती कौलं गलबतांतून आपल्या बंदरांवर उतरली. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती फ्रान्समधल्या मार्सेयहून जहाजांनी गेली. म्हणून ॲडलेड किंवा सिडनीच्या जुन्या वस्तीचा फोटो बघताना आपल्याला उगाचच घरच्यासारखं वाटतं. फक्त खाली चिऱ्याऐवजी वीट असते.

आता काकूंचा फोटो

मी आधी टेक्सास म्हटलं होतं. विटांच्या खांबात पेटी, पिवळं गवत, मोठी गाडी. काकूंना ते पटलं, कारण त्यांना अमेरिकाच हवी होती. घरी येऊन मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघितला तेव्हा शंका आली, आणि दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन मूळ फोटो पुन्हा मागितला. जुन्या छापील फोटोचा मोबाइलवर फोटो काढला की बारीक तपशील पुसले जातात, म्हणून हे नेहमी मूळ प्रतीवरच करावं.

आधी सावली. काकूंचे दीर उन्हात उभे आहेत आणि त्यांची सावली पायाशी गोळा झालेली, त्यांच्या उंचीच्या अर्धीसुद्धा नाही. डिसेंबरात टेक्सासमध्ये भर दुपारीही सावली माणसाच्या उंचीपेक्षा लांब पडते, कारण सूर्य तेव्हा दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो. आपल्याकडे दाभोळलाही त्या महिन्यात दुपारची सावली जवळजवळ माणसाएवढी असते; अंगणात उभं राहून बघता येईल. एवढी आखूड सावली डिसेंबरात पडते ती बरंच दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे. मागची तारीख फोटो काढल्याची नसून पाठवल्याची असू शकते, पण महिनाभर मागे सरकवलं तरी उत्तर बदलत नाही. टेक्सास तिथेच सुटलं.

मग पेटी पुन्हा बघितली. खांब एकटा नव्हता, गुडघ्याएवढ्या विटांच्या भिंतीचंच ते टोक होतं. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये फुटपाथ आणि वाळलेल्या गवताची पट्टी. पेटीला दार नाही, आडवी फट. घर बैठं, चारी बाजूंनी विटांचं, छप्पर चौपाखी. भिंगातून कौलाच्या खाचा दिसल्यावर काकूच म्हणाल्या, "ही तर आपलीच कौलं." उजवीकडे खांबांवरची पत्र्याची पडवी, तिच्याखाली गाडीचा मागचा भाग.

न्यूझीलंड राहिलं होतं. विटा आणि कौलं तिथेही सापडतात, पण डिसेंबरात गवत इतकं करपलेलं, फळीची एकही भिंत नाही, शेजारच्या घरावरही कौलंच. वजन ऑस्ट्रेलियाकडे जात होतं, तरी खात्री म्हणता आली नसती. खात्री दिली ती दिरांच्या डाव्या खांद्यामागच्या विजेच्या खांबाने. तो लाकडी नव्हता. दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या आणि मध्ये करडं सिमेंट, वर निमुळता होत गेलेला. हा 'स्टोबी पोल'. जेम्स सिरिल स्टोबी नावाच्या अभियंत्याने ॲडलेडमध्ये १९२४ साली तो काढला, कारण त्या भागात खांबाला लायक लांब सरळ लाकूड कमी आणि वाळवी फार. हे खांब दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची ओळख आहेत. तिथल्या गल्लीगल्लीत ते आहेत आणि सिडनी-मेलबर्नच्या रस्त्यांवर दिसत नाहीत. घराने देश सांगितला, खांबाने राज्य सांगितलं.

पडताळणीसाठी काकूंनी दिरांचं सीडीसी काढलं, खलाशाच्या नोकरीची नोंदवही. त्यात जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि शिक्के असतात, मधल्या प्रत्येक बंदराची नोंद नसते. सप्टेंबर १९८३ ते मे १९८४ ते जहाजावर होते एवढंच त्यातून कळलं. हे फोटोशी जुळतं, पण पोर्ट ॲडलेडला जहाज लागल्याचा तो पुरावा नाही. कुणाचं घर, कुठली गल्ली, हे या फोटोतून कळणार नाही, आणि तसं काकूंना स्पष्ट सांगितलं.

निकाल लिहून ठेवताना एक काळजी घ्या. त्या काळातल्या रंगीत फोटोंचा कागद मागून प्लास्टिकसारखा गुळगुळीत असतो. त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनने दाबलं तर पुढे वळ उठतो. आम्ही वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि ती फोटोबरोबर पाकिटात घातली: "दक्षिण ऑस्ट्रेलिया, बहुधा ॲडलेड परिसर. आधार: हद्दीवरची विटांची टपालपेटी, चौपाखी कौलं, डिसेंबरातली आखूड सावली, स्टोबी पोल. घरमालक माहीत नाही." काकूंनी खाली दिरांचं पूर्ण नाव घातलं आणि पाकीट ट्रंकेत वरच्या बाजूला ठेवलं.